सुगरणीची घरटी आणि सहावी-सातवीची पोरं: नोंदीच्या कागदात नेमके कुठले रकाने ठेवू?

नीराकाठची | २१ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी फलटण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवते. शाळेमागं एक जुनी विहीर आहे, तिच्यावर बाभळ वाकलीय आणि दर पावसाळ्यात त्या बाभळीला सुगरणीची घरटी लटकतात. मागच्या वर्षी पोरांचा एक गट केला, २४ पोरं, नाव त्यांनीच ठेवलं ‘घरटं मंडळ’. मी एक कागद छापून दिला, त्यात रकाने असे होते: पक्ष्याचं नाव, नर की मादी, घरट्यात अंडी किती, पिल्लं किती, शेरा.

तिसऱ्या आठवड्यात कागद बघितले तर जवळजवळ सगळ्यांनी ‘अंडी ३’ लिहिलेलं. आता सुगरणीचं घरटं म्हणजे खालून नळी असलेली बंद बाटली, आतलं कुणाला दिसणार? रकाना रिकामा ठेवायचा नाही म्हणून भरलेला. त्याहून वाईट म्हणजे सातवीतल्या एकानं अंडी मोजायला म्हणून आकडी आणली, फांदी ओढली आणि एक घरटं विहिरीत पडलं. मला अजून त्याचं वाईट वाटतं, कारण त्याला आत बघायला मीच सांगितलं होतं, माझ्या कागदानं.

यंदा शाळा सुरू झालीय, पाऊसही वेळेत आलाय, नर येऊन बाभळीवर बसायला लागलेत. बुधवारपासून सुरू करायचंय. या वयाच्या पोरांना भरता येईल आणि तरीही खरं काही कळेल असा कागद कसा करू?

बाल्कनीतला_बुलबुल | २१ जून, रात्री १०:१५

ताई किती छान उपक्रम! माझ्याकडं पुण्यात चौथ्या मजल्यावर बाल्कनीत मनीप्लँटमध्ये लालबुड्या बुलबुलानं घरटं केलं होतं, तीन अंडी, तीनही फुटली, मी रोज फोटो काढायचे, आणि एके सकाळी बघते तर घरटं रिकामं. उडून गेली असतील ना? अजून चुटपुट लागून राहिलीय. कुणी सांगेल का?

सह्यगंध | २२ जून, सकाळी ७:०५

नीराकाठची, पहिला नियम म्हणजे पोरांनी घरट्याला हात लावायचा नाही. माणसाचा वास लागला की आई परत येत नाही, घरटं सोडून देते. बुलबुल ताईंचंही तेच झालं असणार.

माळटिटवी | २२ जून, सकाळी ८:३०

हात लावायचा नाही हे शंभर टक्के बरोबर, पण कारण वासाचं नाही सह्यगंध. बहुतेक लहान पक्षी वासावर पिल्लं सोडत नाहीत, म्हणून तर खाली पडलेलं पिल्लू उचलून घरट्यात ठेवलं तरी आईबाप भरवतात. खरा धोका वेगळा आहे. आपण घरट्यापाशी वारंवार गेलो की पक्षी उठतो, ओरडतो, ते कावळा बघत असतो. गवत तुडवून वाट पडते, त्या वाटेनं मांजर जातं. आणि घरटं अर्धवट असताना किंवा अंडी नुकतीच घातलेली असताना सारखा त्रास झाला तर पक्षी ती जागा सोडूनही देतो, ते आपल्या वावरण्यामुळं. पोरांना वासाची गोष्ट सांगितली तर ती काठीनं हलवतील, म्हणतील हात कुठं लावला.

बुलबुल ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या फोटोंच्या तारखांत आहे. अंडी कुठल्या दिवशी फुटली आणि घरटं कुठल्या दिवशी रिकामं दिसलं, तेवढं सांगा.

बाल्कनीतला_बुलबुल | २२ जून, सकाळी ९:१०

थांबा बघते फोनमध्ये. पहिलं पिल्लू ४ एप्रिलला, रिकामं १० एप्रिलला.

माळटिटवी | २२ जून, सकाळी ९:४५

म्हणजे सहा दिवस. बुलबुलाचं पिल्लू साधारण बारा दिवसांच्या आसपास घरटं सोडतं, सहाव्या दिवशी त्याची पिसं नीट उघडलेलीही नसतात. ती उडाली नाहीत ताई, कावळ्यानं किंवा मांजरानं नेली. वाईट वाटेल, पण बुलबुलांची बरीच घरटी अशीच जातात, तुमची त्यात चूक असेलच असं नाही. ‘घरटं रिकामं’ एवढ्या दोन शब्दांवरून काहीच कळत नाही, आधीची तारीख असली तरच कळतं.

आता नीराकाठची, तुमच्या कागदाबद्दल. मी तीस वर्षं पक्षी बघतोय, त्यातली सात-आठ वर्षं पोरांबरोबर. माझा अनुभव असा की या वयाचं पोर डोळ्यानं उत्तम बघतं, पण कागदानं निष्कर्ष विचारला तर तेही देऊन टाकतं. म्हणून निष्कर्षाचे रकाने काढा. अंडी किती, पिल्लं किती, दोन्ही गेले. ‘नर की मादी’ पण काढा. त्याऐवजी ‘डोकं पिवळं’ आणि ‘डोकं पिवळं नाही’ एवढंच ठेवा. विणीच्या दिवसांत नराचं डोकं पिवळंधमक आणि गाल काळपट असतात, मादी चिमणीसारखी दिसते. पण वर्षाचे नरही चिमणीसारखेच दिसतात, त्यामुळं पिवळं नाही म्हणजे मादीच असं नसतं. पोरांनी दिसलं ते लिहावं, ती मादी होती की नाही हे पुढं वागण्यावरून कळतं.

तुमची पोरं ‘सुगरण घरटं बांधतेय’ असंच लिहीत असणार. नावामुळं तसं होतं, पण विणणारा तो पिवळ्या डोक्याचा नर असतो. मादी येते ती अर्धं झालेलं घरटं बघायला.

वर्धेचे_गुरुजी | २२ जून, दुपारी १२:२०

टिटवी काका बरोबर बोलून राह्यले. माझ्याकडं गेल्या वर्षी वेगळाच घोळ झाला होता, आमची शाळा उशिरा उघडते म्हणून जुलैपासून केलं. दोन पोरं एकाच घरट्यासमोर एकाच वेळी बसवली, एकानं लिहिलं पक्षी १२ वेळा आला, दुसऱ्यानं ६. मले वाटलं एक खोटं लिहितो. मग दोघांना विचारलं तर एक जण येणं बी मोजत होता अन् जाणं बी मोजत होता. म्हणून मोजायचं काय ते आधीच ठरवून घ्या, नाहीतर कागद भरतात पण एकाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही.

माळटिटवी | २२ जून, दुपारी १:००

गुरुजी, हे फार महत्त्वाचं. मी याच्यावरून एक खेळच करतो. पहिल्या दिवशी सगळ्या जोड्यांना एकच घरटं देतो, दहा मिनिटं, एकमेकांशी बोलायचं नाही, कागद बघायचा नाही. मग आकडे फळ्यावर लिहितो. फरक दिसला की पोरंच नियम मागतात. आमचा नियम असा झाला: घरटं विणणं चालू असेल तर चोचीत पाती घेऊन आला की एक रेघ, नळी झाली असेल तर आत शिरला की एक रेघ, बाहेर पडल्याची रेघ नाही. शेजारच्या फांदीवर नुसता बसला तर रेघ नाही.

एडिसनकर | २२ जून, रात्री ८:५० (भारतात)

मी न्यू जर्सीत असतो, इथे मुलीच्या शाळेत ब्लूबर्डच्या लाकडी पेट्या आहेत आणि मुलं कॉर्नेल विद्यापीठाच्या नेस्टवॉचसाठी नोंदी करतात. दर ३-४ दिवसांनी पेटी उघडून पटकन अंडी-पिल्लं मोजायची, एक मिनिटाच्या आत बंद करायची, आणि पिल्लं मोठी झाली की उघडणं बंद, कारण घाबरून वेळेआधी बाहेर उडी मारतात. छोटा आरसा काठीला लावून पण बघतात. तुम्ही पण आरसा वापरू शकाल की, अंडी मोजता येतील.

माळटिटवी | २२ जून, रात्री ९:२०

एडिसनकर, पेटीला झाकण असतं, ती त्याचसाठी बनवलेली असते. सुगरणीच्या घरट्यात अंडी बाजूच्या फुगीर खोलीत, नळी वेगळी, मध्ये उंबऱ्यासारखी पट्टी. खालून आरसा धरला तर नळीच दिसेल. आणि विहिरीवर लटकलेल्या फांदीपाशी सातवीचं पोर आरसा घेऊन वाकलंय हे चित्र मला नको. पण मध्ये दिवस सोडून जाणं मात्र घेण्यासारखं आहे, रोज जायची गरज नाही. सोमवार-बुधवार-शुक्रवार पुरे.

शिवाय कायदा आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच अंडी आणि घरट्यांना धक्का लावणं येतं. पोरांना घाबरवायला नाही सांगत, पण शिक्षकांना माहीत असावं.

नीराकाठची | २३ जून, संध्याकाळी ६:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. विहिरीपाशी वाकण्याचं बरं बोललात, विहिरीला एका बाजूला कठडाच नाहीये. आज चुन्याची रेघ मारली, विहिरीपासून वीस पावलं, तिच्या अलीकडंच बसायचं. तिथून घरटी साध्या डोळ्यानं दिसतात, एक दुर्बीण आहे ती डोक्याचा रंग बघायला फिरवणार.

नवा कागद असा केलाय, बघा:

घरटं नंबर
तारीख, बसलो किती वाजता, उठलो किती वाजता
पाऊस, ऊन की ढग
घरट्याचा आकार (गाठ / झोपाळा / टोप / नळी / पडलं)
पिवळं डोकं: रेघा
पिवळं नाही: रेघा
चोचीत काय (पाती / चिखल / किडा / काही नाही / दिसलं नाही)
माझं एक वाक्य

‘झोपाळा’ आणि ‘टोप’ ही पोरांची नावं. पहिलं नुसतं कडं लटकतं ना, त्याला ती झोपाळा म्हणतात, आणि मग वरून घुमट येतो पण नळी नसते, तो टोप. एका जोडीला एक घरटं, पंधरा मिनिटं, परिपाठाआधी दहा ते सव्वादहा. पेन नको म्हटलं, पावसात शाई पसरते, पेन्सिल आणि परीक्षेचा पॅड, वर प्लास्टिकची पिशवी.

माळटिटवी | २३ जून, संध्याकाळी ७:००

छान झालाय. दोनच गोष्टी. एक, शेवटी चौकोन टाका: ‘पूर्ण १५ मिनिटं बसलो, काहीच आलं नाही’. पोरांना काही दिसलं नाही की ती कागद कोरा ठेवतात, आणि महिन्यानं तुम्हाला कळत नाही की कोरा म्हणजे पक्षी आला नाही की पोरगंच गेलं नाही. शून्य ही पण नोंद आहे.

दुसरं, घरट्यांचे नंबर. फांदीला चिठ्ठ्या-दोरे बांधू नका. चुन्याच्या रेघेवर एक दगड ठरवा, त्यावर उभं राहून दर सोमवारी मोबाईलनं एकच फोटो काढा, आणि वर्गात त्या फोटोवर नंबर टाका. नवीन घरटं आलं तर पुढचा नंबर. पडलेल्या घरट्याचा नंबर परत कुणाला द्यायचा नाही, नाहीतर ऑगस्टमध्ये पाचवं कुठलं यावरून भांडणं होतात.

कोकणी_पोर | २३ जून, रात्री १०:३०

आमच्या अलिबागजवळच्या किहीमचं नाव या विषयात यायलाच पाहिजे! सालीम अलींनी तिथंच राहून सुगरणींचा अभ्यास केला होता, १९३०च्या सुमारास. एक नर एकामागून एक घरटी करतो आणि वेगवेगळ्या मादींबरोबर संसार मांडतो हे त्यांनी तिथं नुसतं बसून, बघून आणि लिहून शोधलं. तुमची पोरं करतायत ते वेगळं नाहीये.

नीराकाठची | १९ जुलै, रात्री ८:२५

मंडळी, महिना होत आला. अकरा घरटी, बारा जोड्या, अकराव्या घरट्याला दोन जोड्या दिल्यात. पाती सगळी शेजारच्या उसाची, नर पान चोचीनं कापून लांब पट्टी फाडतो आणि उडतो, पोरांना ते बघायला सगळ्यात आवडतं, काही पट्ट्या पोराच्या हाताएवढ्या लांब.

अडचण सातव्या घरट्याची. २७ जूनला झोपाळा, ४ जुलैला टोप, आणि तेव्हापासून टोपच आहे. पंधरा दिवस झाले. ज्या दोन मुलींचं ते घरटं आहे त्या रडवेल्या झाल्यात, बाकीच्यांच्या घरट्यांना नळ्या आल्या आणि आमच्यात काहीच होत नाही म्हणतात, एकीनं तर विचारलं की बाई आम्ही दुसरं घरटं घेऊ का. रेघा ८, ५, ६ अशा होत्या, मग १, मग शून्य, शून्य. काय सांगू त्यांना?

सह्यगंध | १९ जुलै, रात्री ९:००

नर मेला असेल. किंवा शिक्र्यानं उचलला. एक सांगा, आत चिखल लावला होता का? सुगरण चिखलाचे गोळे लावते आणि त्यात काजवे चिकटवते, रात्री उजेडासाठी. चिखल नसेल तर घरटं सोडलेलं समजायचं.

माळटिटवी | १९ जुलै, रात्री ९:४०

काजव्यांची गोष्ट मीही लहानपणी आजोबांकडून ऐकली, पण काजवा चिकटवलेलं घरटं मी कधी पाहिलं नाही आणि त्याला आधार मिळालेला नाही. चिखल मात्र खरा आहे, टोपाच्या अवस्थेत नर आत चिखलाचे, कधी शेणाचे गोळे लावतो. कशासाठी यावर एकमत नाही, वाऱ्यात घरटं जड राहावं म्हणून असं बरेच म्हणतात, मला स्वतःला ते पटतं पण सिद्ध झालंय असं म्हणणार नाही. सातव्याच्या कागदावर चोचीत चिखल कधी लिहिलंय का बघा.

नर मेलाच असेल असं नाही. टोप म्हणजे दाखवायचं घर. नर टोपापर्यंत विणतो, त्याला साधारण आठवडा लागतो, आणि मग लटकून पंख फडफडवत ओरडत बसतो. मादी येते, आत शिरते, धागे ओढून बघते. पसंत पडलं तरच तो नळी लावतो. नाही पडलं तर ते टोप तसंच सोडून शेजारी नवीन सुरू करतो. त्या मुलींना सांगा की त्यांच्याकडं वर्गातली वेगळी नोंद आहे, नाकारलेल्या घरट्याची. अकराच्या अकरा जणांनी नळीवालंच घरटं निवडलं तर किती टोपं वाया जातात हे कुणाला कळणारच नाही. घरटं बदलू देऊ नका.

वर्धेचे_गुरुजी | २० जुलै, सकाळी ६:५०

काका, पण ते मादीनं नाकारलं म्हणूनच सोडलं हे कशावरून? आमच्याकडं गेल्या साली जुलैमध्ये पावसानं दडी मारली अन् सगळीच टोपं थांबली होती. पाऊस आला तर त्यातली दोन-तीन परत सुरू झाली.

माळटिटवी | २० जुलै, सकाळी ७:३०

बरोबर आहे गुरुजी, मी जरा घाई केली. म्हणूनच पाऊस-ऊनचा रकाना लागतो. ताई, सातवं थांबलं त्या दिवसांत बाकीच्या घरट्यांच्या रेघा काय म्हणतात? सगळीकडं कमी झाल्या असतील तर पाऊस किंवा पाती, फक्त सातव्यातच कमी असतील तर त्या घरट्याचंच काहीतरी.

नीराकाठची | २० जुलै, दुपारी ३:१०

आत्ता सगळे कागद जमिनीवर मांडून बसले होते. पाऊस ९ जुलैपासून जवळजवळ नव्हता. पण चार, पाच आणि नऊ नंबरच्या रेघा कमी झाल्या नाहीत, ऊस तर हिरवाच आहे. सातव्यात चिखल ७ जुलैला दोनदा लिहिलाय. आणि त्याच मुलींच्या ‘माझं एक वाक्य’मध्ये ९ तारखेला आहे: “पिवळं नसलेली एक आली, टोपात बसली, दोरी ओढली, गेली.” मी ते वाचलंच नव्हतं. त्यानंतरच रेघा कमी होतायत.

माळटिटवी | २० जुलै, दुपारी ३:४५

काय सुंदर वाक्य लिहिलंय पोरींनी. मादीनं बघून सोडलं असण्याची शक्यता बरीच वाढली. खात्रीनं मी अजूनही म्हणणार नाही, एकदाच दिसलंय, आणि ते वर्षाचं नर पोरही असू शकतं, ती पण टोपांत घुसून धागे ओढतात.

नीराकाठची | २० ऑगस्ट, रात्री ९:३०

चौथ्या घरट्याची गोष्ट सांगायचीय, ते पूर्ण झालं. कागदावरून जसंच्या तसं लिहिते.

२५ जूनला झोपाळा दिसला. २ जुलैला टोप. ९ जुलैला पिवळं नसलेली आत शिरली आणि पंधरा मिनिटांत तीनदा परत आली. ११ला नळी सुरू, १४ला नळी पूर्ण. म्हणजे झोपाळा दिसल्यापासून वीस दिवसांच्या आत सगळं घर. त्यानंतर या घरट्यावर पिवळ्या डोक्याच्या रेघा जवळजवळ शून्य, आणि पोरांनी लगेच लिहिलं “बाबा पळून गेला”. मी ते खोडलं नाही, पण विचारलं, गेला ते दिसलं का? तर नाही. मग आम्ही फोटो बघितले, १४ जुलैच्या सोमवारच्या फोटोत चारच्या शेजारी हातभर अंतरावर नवीन गाठ होती, तीच पुढं बारा नंबर झाली. तोच नर होता का हे सांगता येत नाही, पायात कडी-खूण काही नाही, पण पोरांनी आता “बाबा दिसला नाही” असं केलंय.

१६ ते ३० जुलै दर वेळी एक किंवा शून्य रेघ, पिवळं नसलेली आत जाते आणि आतच राहते. पोरं कंटाळली. आणि १ ऑगस्टला शुक्रवारी एकदम सहा रेघा, चोचीत किडा, किडा, दिसलं नाही, किडा! ओरडायचं नाही असं ठरलेलं असताना दोघंही ओरडली. बुधवारी एक, शुक्रवारी सहा, म्हणजे मधल्या दोन दिवसांत अंडी फुटली असणार ना काका? आत न बघता कळलं!

१३ ऑगस्टच्या बुधवारपर्यंत रेघा सात-आठ. मग १५ची सुट्टी, शनिवार-रविवार, आणि सोमवारी १८ला शून्य, चौकोनावर खूण. पोरांनी ‘१६ ऑगस्टला उडाली’ असं लिहिलंय, कुणी बघितलं नाही तरी. काय करू, राहू देऊ?

माळटिटवी | २० ऑगस्ट, रात्री १०:१०

ताई, वाचताना मलाच तिथं असावंसं वाटलं. हो, चोचीत किडे आणि फेऱ्या एकदम वाढणं म्हणजे पिल्लं. मोठे पक्षी दाणे खातात पण पिल्लांना किडे भरवतात. अंडी उबवायला दोन आठवड्यांहून थोडं जास्त लागतं, तुमच्या नळीच्या तारखेशी ते जुळतं.

१६ मात्र राहू देऊ नका. ‘१३ नंतर, १८च्या आधी’ असं लिहायला लावा. पिल्लं साधारण सतरा दिवस घरट्यात राहतात, ३० किंवा ३१ जुलैपासून सतरा दिवस मोजले तर १६-१७ येतो, म्हणजे पोरांचा अंदाज चांगला आहे. पण तो अंदाज वेगळ्या रंगाच्या पेन्सिलनं शेजारी लिहू दे. बुलबुल ताईंसारखा प्रश्न इथंही आहेच, उडाली की सापानं खाल्ली? दिवस पुरे भरलेत म्हणून उडाली असणार असं मी म्हणेन. नळी फाटलेली किंवा खोलीला भोक पडलेलं दिसतंय का दुर्बिणीनं बघा.

बाल्कनीतला_बुलबुल | २० ऑगस्ट, रात्री १०:४०

मी पण आता कॅलेंडरवर लिहिते बरं का. पुन्हा घरटं आलंय, यावेळी झुंबराच्या हुकात. फोटो दिवसातून एकदाच, लांबून.

विहीरवाले | २१ ऑगस्ट, सकाळी ६:२०

बाई, आमची पोरगी तुमच्या मंडळात हाय म्हणून वाचतोय. इहीर आमच्या भावकीची. तुमची पोरं शिस्तीत बसतात, त्याबद्दल काय म्हणणं नाय. पण ह्या पाखरांनी बाजरी फुलोऱ्यातनं दाण्यावर आली की थवंच्या थवं पडतात, माळ्यावर बसून गोफण फिरवून हात दुखत्यात. चुलतभाऊ म्हणतोय बाभळीची फांदी तोडू. मी थांबवलंय पण किती दिस थांबवू?

नीराकाठची | २१ ऑगस्ट, सकाळी ७:४५

दादा, तुम्ही थांबवलंत त्यासाठी हात जोडते. बाजरीचं नुकसान खरं आहे, ते मी नाही म्हणणार नाही. एवढंच विचारते, अजून पाच, नऊ आणि बाराला किडे जातायत, म्हणजे पिल्लं आहेत. सप्टेंबर अखेरपर्यंत फांदी राहिली तर? आणि पोरं शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर माळ्यावर यायला तयार आहेत, गोफण नाही, पण डबे वाजवायला.

विहीरवाले | २१ ऑगस्ट, सकाळी ८:१०

भावाला विचारून सांगतो. पोरं आली तर बरंच हुईल.

एडिसनकर | २१ ऑगस्ट, रात्री ८:३०

हे सगळं ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाकताय का? तिथे विणीचे कोड असतात. आत काय आहे दिसत नसेल पण आईबाप ये-जा करतायत तर `ON`, पिल्लांना अन्न नेताना दिसला तर `CF`. तुमच्या नोंदी त्यात बरोबर बसतात, `NE` म्हणजे अंडी दिसली, ते तुम्ही लावायचं नाही.

वर्धेचे_गुरुजी | २१ ऑगस्ट, रात्री ९:१५

टाकावं का याबद्दल मले शंका आहे. विहिरीची नेमकी जागा सगळ्यांना दिसली तर फोटोवाले येतात. आमच्या इथं शिंदीच्या झाडावरच्या घरट्यांना फोटो काढायला लोक आले अन् मधली झाडोरी तोडून गेले.

एडिसनकर | २१ ऑगस्ट, रात्री ९:४०

सुगरण काही दुर्मीळ नाही, आणि ठिकाण गावाच्या नावानं टाकता येतं, विहिरीवर टोचायलाच पाहिजे असं नाही. पण गुरुजींचं म्हणणं कळतंय.

माळटिटवी | २१ ऑगस्ट, रात्री १०:००

मी म्हणेन हंगाम संपल्यावर टाका. यावर माझं आणि माझ्या गटाचंही एकमत नाहीये. एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवतो, नोव्हेंबरात ५ ते १२ पक्षी सप्ताह असतो, तेव्हा बऱ्याच शाळांत रिकामी घरटी तोडून आणून कपाटात मांडतात. तोडू नका. जुन्या घरट्यांत मुनिया राहायला येतात, अंडी पण घालतात. तुमचा तोच कागद नोव्हेंबरातही चालेल, फक्त पक्ष्याचं नाव बदलेल.

नीराकाठची | २५ ऑगस्ट, संध्याकाळी ६:५०

चौथ्याची नळी दुर्बिणीनं बघितली, शाबूत आहे, भोक नाही. पोरांनी ‘१३ नंतर, १८च्या आधी’ असं पेन्सिलनं आणि शेजारी हिरव्या खडूनं १६ लिहिलंय.

विहीरवाले दादांनी फांदी महिनाअखेरपर्यंत ठेवतो म्हणून निरोप दिलाय, पुढचं बघू म्हणाले. शनिवारी नऊ पोरं डबे घेऊन गेली होती.

आणि सातवं. आज सकाळी त्या दोघींनी कागद आणून दिला, टोप अजून तसाच, पण त्याच्या अर्ध्या भागाच्या पट्ट्या गायब. वाक्य असं आहे: “पिवळं डोकं आलं, आमच्या टोपातून पट्टी ओढून बारा नंबरला घेऊन गेलं. चार वेळा.” चोचीत काय या रकान्यात पाती की काय लिहायचं यावर दोघींचं भांडण चाललंय, एक म्हणते ‘आमचं घरटं’ असं लिहायचं. नवीन पर्याय घालू का कागदात, काका?